दोन बॉयलरच्या एस्प्रेसो यंत्रासाठी घरी पाणी तयार करताना

जानेवारी 2024 मध्ये आमच्या घरी दोन बॉयलरचे एस्प्रेसो यंत्र आले. त्याच्या माहितीपुस्तिकेतले पाण्याविषयीचे पान पहिल्यांदा वाचले, तेव्हा त्यातल्या अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असेच मला वाटले. पाण्याचा एकूण जडपणा सहा जर्मन अंशांहून अधिक नसावा, क्लोराइड लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत असावे, विद्युतवाहकता किमान 50 मायक्रोसीमेन्स असावी आणि निव्वळ ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी वापरू नये, असे तिथे लिहिले होते. क्षार साचून झालेले नुकसान हमीत बसत नाही, हे वाक्य त्याच पानाच्या तळाशी होते. थोडक्यात, क्षार असलेले पाणी चालत नाही आणि क्षार नसलेलेही चालत नाही. यातून वाट काढायला मला जवळजवळ वसंत ऋतू संपेपर्यंतचा काळ लागला. ती वाट फारशी अवघड नाही, परंतु तिच्यातले टप्पे एका ठिकाणी सांगितलेले मला कुठे सापडले नाहीत, म्हणून ते क्रमाने लिहीत आहे.

पहिले काम होते नळाचे पाणी मोजण्याचे. मत्स्यालय बाळगणारे लोक थेंबांनी पाणी तपासण्याचे दोन छोटे संच वापरतात. एकाने एकूण जडपणा कळतो, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. संचावर त्याला जीएच म्हटलेले असते. दुसऱ्याने अल्कता कळते, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, ती केएच. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, एकेक थेंब टाकून हलवायचे आणि रंग पूर्ण बदलेपर्यंत थेंब मोजायचे. प्रत्येक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, आणि एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम. आमच्या नळाच्या पाण्याला जीएचचे 14 थेंब लागले आणि केएचचे 11. म्हणजे जडपणा सुमारे 250 आणि अल्कता सुमारे 196 मिलिग्रॅम. पुस्तिकेतली सहा अंशांची मर्यादा 107 मिलिग्रॅमवरच संपते.

हे दोन आकडे वेगवेगळे का मोजायचे, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. बॉयलरमध्ये बसणारा पांढरा थर हा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट या दोघांच्या संगतीने तयार होतो. पाणी तापले की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेले कार्बोनेट कॅल्शियमला धरते आणि ते मिश्रण गरम पृष्ठभागावर घट्ट बसते. दोघांपैकी एक जरी पाण्यात नसला तरी हा थर तयार होऊ शकत नाही. आमच्या नळाच्या पाण्यात दोघेही भरपूर होते. सगळी अल्कता थराच्या रूपाने खाली बसली असे धरले, तर रोज दोन लिटर पाण्यामागे 0.4 ग्रॅमपर्यंत थर जमू शकला असता. प्रत्यक्षात सगळे बसत नाही, परंतु बॉयलरमधली छिद्रे काही ठिकाणी मिलिमीटरभरही रुंद नसतात, हे लक्षात घेता त्याचा काही भागही पुरेसा असतो.

मग निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्याला पुस्तिकेचा विरोध का, याची दोन कारणे आहेत. पहिले विजेचे आहे. वाफेच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखण्यासाठी एक धातूची कांडी असते. पाणी तिच्या टोकाला लागले की पाण्यातून अतिशय क्षीण प्रवाह वाहतो आणि यंत्राला बॉयलर भरल्याचे कळते. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे यंत्राला बॉयलर रिकामाच वाटतो, पंप चालू राहतो आणि शेवटी वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणी येऊ लागते. काही यंत्रांत टाकीतले पाणीही अशाच कांड्यांनी ओळखले जाते आणि तिथे टाकी काठोकाठ भरलेली असताना पाणी संपल्याचा दिवा लागतो. दुसरे कारण धातूचे आहे. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि ते आम्ल निष्प्रभ करणारे काहीच त्यात नसते. असे पाणी तांब्याच्या आणि पितळेच्या भागांना हळूहळू खात राहते. नळ्यांच्या जोडांवर निळसर-हिरवे डाग दिसू लागणे ही त्याची खूण.

या दोन्ही कारणांत जडपणाचा कुठेही संबंध नाही, हे मी त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले. विजेसाठी कोणतेही विरघळलेले क्षार चालतात आणि धातूच्या रक्षणासाठी अल्कता लागते. कॅल्शियम दोन्हीसाठी अनावश्यक आहे. म्हणजे मला हवे होते ते अल्कता असलेले, परंतु जडपणा नसलेले पाणी.

फेब्रुवारीचा बराचसा काळ पाण्याचा पाया ठरवण्यात गेला. केवळ कोळशाची कांडी असलेला फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो, क्षारांना हात लावत नाही. जगमध्ये बसणारे फिल्टर बहुधा कॅल्शियम काढून त्या जागी हायड्रोजन सोडतात, त्यामुळे जडपणाबरोबर अल्कताही कमी होते. शिवाय कांडी जुनी होत जाते तसे त्यातून येणारे पाणी बदलत राहते, म्हणून ठरलेल्या मापाने क्षार घालण्यासाठी हा पाया भरवशाचा नाही. आरओचे पाणी चांगले, परंतु पुष्कळ घरगुती आरओ यंत्रांत शेवटी चवीसाठी खनिजांची कांडी असते किंवा नळाचे थोडे पाणी परत मिसळले जाते. तसे असेल तर त्या जोडण्याच्या आधी पाणी घ्यावे लागते. मी सुरुवात ऊर्ध्वपातित पाण्याच्या पाच लिटरच्या कॅननी केली, आणि तेही पिण्यायोग्य असल्याचा उल्लेख असलेल्या. गाड्यांच्या बॅटरीत घालण्यासाठी विकले जाणारे पाणी कितीही शुद्ध असले तरी ते खाण्यापिण्यासाठी तयार केलेले नसते, ते घेऊ नये. माझ्या टीडीएस मीटरवर कॅनमधल्या पाण्याचा आकडा शून्य ते तीनच्या दरम्यान येत असे.

नळाचे एक भाग पाणी आणि ऊर्ध्वपातित तीन भाग, असे मिसळण्याचा सोपा मार्गही होता. आमच्या पाण्याच्या बाबतीत त्यातून जडपणा सुमारे 62 आणि अल्कता सुमारे 49 मिलिग्रॅम झाली असती आणि पुस्तिकेच्या अटीत ते बसलेही असते. फक्त कॉफीपुरता एकच बॉयलर असता तर कदाचित मी तिथेच थांबले असते. वाफेच्या बॉयलरमध्ये मात्र वाफ बाहेर जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे आज सौम्य असलेले मिश्रण तिथे काही आठवड्यांत सौम्य राहत नाही. नळाच्या पाण्यात ऋतूप्रमाणे होणारा फरकही प्रत्येक वेळी तपासावा लागला असता.

आता क्षार कोणता, हा प्रश्न उरला. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड पाण्याच्या अनेक कृतींत आढळतात, परंतु क्लोराइड गरम स्टेनलेस स्टीलवर टाचणीच्या टोकाएवढी खोल भोके पाडू शकते, म्हणून यंत्रात जाणाऱ्या पाण्यासाठी ते मी पहिल्याच वाचनात बाजूला केले. जेवणातले मीठ याच कारणाने बाद होते. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, चालतो. लिटरला 84 मिलिग्रॅम घातला की 50 मिलिग्रॅम अल्कता मिळते. मी निवडले ते पोटॅशियम बायकार्बोनेट. त्याचा हिशेब विशेष सोयीचा आहे: लिटरला 100 मिलिग्रॅम घातले की अल्कता 50 मिलिग्रॅम होते. सोडियम थोडे जरी वाढले तरी काही जणांना चवीत जाणवते, ते इथे टळते. लिटरमागे यातून सुमारे 39 मिलिग्रॅम पोटॅशियम येते, जे कॉफीत स्वतःच असलेल्या पोटॅशियमच्या मानाने थोडे आहे. तरीही मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियमवर बंधन घातलेले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे किंवा सोड्याचा पर्याय पाहावा.

पाकिटावर खाद्यदर्जा असल्याचा उल्लेख आणि `KHCO3` हे सूत्र, दोन्ही पाहून घ्यावे. पोटॅशियम कार्बोनेट हे नावाने जवळचे असले तरी कितीतरी तीव्र अल्कधर्मी आहे, आणि बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि पीठही असते, त्यामुळे या दोहोंपैकी काहीही त्याऐवजी वापरता येत नाही. माझे पाकीट 500 ग्रॅमचे आहे. रोज दोन लिटर पाणी धरले तरी ते सहा वर्षांहून अधिक काळ पुरेल, म्हणजे खर्चाच्या बाजूने क्षार नगण्य आहे. खरा खर्च ऊर्ध्वपातित पाण्याचा होतो, आणि थोडाफार थेंबांच्या संचांचा, कारण त्यांची मुदत संपली की ते बदलावे लागतात.

पाणी तयार करण्याआधी मी सेवाकेंद्राला लेखी विचारले. तोंडी विचारून चालले असते, परंतु हमीचा प्रश्न असताना उत्तर कागदावर असणे बरे, असे माझे मत आहे. पत्रात तीनच प्रश्न होते: जडपणाला किमान मर्यादा आहे का, ऊर्ध्वपातित पाण्याविरुद्धची अट वाहकतेसाठी आहे की अन्य कारणासाठी, आणि पोटॅशियम बायकार्बोनेट घातलेले ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यास हमी टिकेल का. पहिले उत्तर आले ते माहितीपुस्तिकेच्या त्याच पानाची प्रत जोडून. मी पुन्हा लिहिले आणि या वेळी नियोजित पाण्याची वाहकता, अल्कता, जडपणा व क्लोराइड यांचे अपेक्षित आकडे एका तक्त्यात दिले. तो तक्ता गेल्यावर प्रश्न तांत्रिक विभागाकडे सरकला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक फॉर्म आला, तो दोन प्रतींत भरून यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वापरायच्या क्षाराचे नाव व मात्रा आणि तयार पाण्याचे अपेक्षित आकडे द्यायचे होते. मार्चअखेर शिक्का मारलेली एक प्रत परत आली. जडपणाला किमान मर्यादा नाही, वाहकतेची अट पाळावी आणि पाणी तयार केल्याची नोंद तारखेसह ठेवून वार्षिक तपासणीच्या वेळी दाखवावी, असे त्यावर लिहिले होते. ज्यांच्या पुस्तिकेत जडपणाची किमान मर्यादाही दिली असेल, त्यांनी हा पत्रव्यवहार टाळू नये, कारण सगळ्या उत्पादकांच्या अटी सारख्या नसतात. उत्तर येईपर्यंत यंत्र खोक्यातच होते. घरातल्यांनी त्याबद्दल दाखवलेला संयम मी इथे नोंदवून ठेवते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहिले पाणी तयार केले. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर 100 मिलिग्रॅम मोजता येत नाहीत. ज्या काट्याची पायरी 0.1 ग्रॅमची आहे, त्यावर पाच लिटरच्या कॅनसाठी अर्धा ग्रॅम मोजायचा म्हटले तर चूक 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी अर्क करायचा. 10 ग्रॅम क्षार मोजताना तोच काटा फार तर एक टक्का चुकतो. हे 10 ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर केले. किंचित हलवताच ते विरघळते आणि द्रावण नितळ दिसते. या अर्काच्या दर मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम क्षार असतो, म्हणजे एका लिटर पाण्याला 10 मिलिलिटर अर्क आणि पाच लिटरच्या कॅनला 50 मिलिलिटर. मापासाठी सुई नसलेली औषधाची सिरिंज सर्वांत सोयीची पडते. कॅन झाकण लावून उलटासुलटा करून चांगला मिसळून घ्यावा.

अर्क काचेच्या स्वच्छ बाटलीत, झाकण घट्ट लावून, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवते. कालांतराने त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वाढतो, परंतु अल्कता तीच राहते, त्यामुळे मात्रा बदलावी लागत नाही. बाटलीत तरंगणारे धागे दिसले किंवा द्रावण धूसर झाले तर मात्र ते ओतून टाकून नवे करावे. दहा ग्रॅम क्षारासाठी जीव तुटण्यासारखे काही नाही.

तयार पाणी यंत्रात घालण्याआधी तीन चाचण्या केल्या, आणि त्यातली पहिली वाचताना बरेच जण गोंधळतात म्हणून थोडे सविस्तर सांगते. टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. लिटरला 100 मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्याची वाहकता सुमारे 115 मायक्रोसीमेन्स येते. माझ्या मीटरचा गुणक 0.5 आहे, म्हणून त्यावर 57 च्या आसपास आकडा दिसतो. ज्यांच्या मीटरचा गुणक 0.7 आहे त्यांना 80 च्या जवळपास दिसेल. दोघांचे पाणी एकच असते. मीटरवर 100 दिसेपर्यंत अर्क ओतत राहिले तर पाणी ठरल्यापेक्षा बरेच अधिक अल्कधर्मी होईल. मीटरवर थेट मायक्रोसीमेन्स दाखवण्याची सोय असेल तर तीच वापरावी. सेवाकेंद्राची अट किमान 50 ची होती, तिच्या दुपटीहून अधिक वाहकता मिळाली.

दुसरी चाचणी केएचची. 50 मिलिग्रॅम म्हणजे 2.8 जर्मन अंश, त्यामुळे पाच मिलिलिटर पाण्यात तिसऱ्या थेंबाला निळा रंग पिवळा होतो. परंतु तीन थेंबांत अर्ध्या अंशाचा फरक कळत नाही, म्हणून मी दहा मिलिलिटर पाणी घेते. मग प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि सहाव्या थेंबाला रंग बदलतो. चौथ्याला बदलला तर अर्क कमी पडला, आठव्याला बदलला तर अधिक झाला. तिसरी चाचणी जीएचची, आणि ती पहिल्याच थेंबाला हिरवी झाली पाहिजे. तशी झाली नाही तर पाया म्हणून घेतलेल्या पाण्यात जडपणा शिल्लक आहे, आणि तो अर्काने जात नाही. हे तिन्ही आकडे तारखेसह एका वहीत लिहिले; सेवाकेंद्राने मागितलेली नोंद ती हीच.

यंत्रात हे पाणी घातल्यावर पातळीची कांडी नीट ओळखते आहे ना, याची खातरजमा पहिल्याच भरण्यात होते. पंप थोडा वेळ चालतो आणि आपोआप थांबतो. तो थांबलाच नाही तर लगेच यंत्र बंद करून पाण्याची वाहकता पुन्हा मोजावी. आमच्याकडे तो ठरल्या वेळी थांबला. ज्यांचे यंत्र जुने आहे आणि आतापर्यंत जड पाण्यावर चालले आहे, त्यांनी मात्र हे पाणी सुरू करण्यापूर्वी आतला जुना थर जाणकाराकडून काढून घ्यावा. जडपणा नसलेल्या पाण्यात जुना थर सैल होऊन त्याचे कपचे सुटू शकतात आणि ते नेमके अरुंद छिद्रात जाऊन अडकतात.

चवीबद्दल माझे मत सांगते, ते माझ्यापुरते आहे. गडद भाजलेल्या कॉफीला हे पाणी उत्तम जमते. कप मऊ आणि गोडसर लागतो. हलक्या भाजणीच्या कॉफीत थोडा सपाटपणा जाणवतो, कारण अल्कता कॉफीतल्या आम्लांना निष्प्रभ करते आणि दुसऱ्या बाजूने चवीला उठाव देणारे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम पाण्यात नसते. मे महिन्यात यावर उपाय म्हणून एप्सम सॉल्टचा दुसरा अर्क केला: 24.6 ग्रॅम `MgSO4·7H2O` आणि एकूण एक लिटर पाणी. याचा एक मिलिलिटर अर्क एका लिटरमध्ये 10 मिलिग्रॅम जडपणा देतो, म्हणून 50 साठी पाच मिलिलिटर. सूत्रातले पाण्याचे सात रेणू महत्त्वाचे आहेत, कारण कोरडे मॅग्नेशियम सल्फेट तेवढ्याच वजनाला दुपटीहून अधिक मॅग्नेशियम देते. आंघोळीसाठीचे सुगंधी एप्सम सॉल्ट खाण्यासाठी नसते. दोन्ही अर्क एकाच बाटलीत मिसळून ठेवू नयेत, कारण तीव्र द्रावणात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भेटले की पांढुरका गढूळपणा येऊ शकतो. पातळ पाण्यात एकामागून एक घातले तर तसे होत नाही.

हा दुसरा अर्क मी यंत्राच्या टाकीत घालत नाही, केवळ हाताने गाळायच्या कॉफीच्या किटलीत घालते. आमच्या यंत्रात एकच टाकी दोन्ही बॉयलरना पाणी पुरवते. वाफेच्या बॉयलरमध्ये बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर कार्बोनेट उरते आणि पाणी अधिक अल्कधर्मी होत जाते. पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात अतिशय विरघळते, त्यामुळे ते कुठेही बसत नाही. मॅग्नेशियम मात्र अशा पाण्यात साचत गेले की गाळाच्या रूपाने बाहेर पडू शकते. टाकीतही थोडे एप्सम घालणारे पुष्कळ जण आहेत आणि केवळ कॉफीच्या बॉयलरपुरते पाहिले तर ते चालूनही जाते. वाफ काढणाऱ्या यंत्रासाठी एकच क्षार पुरेसा आहे, असे मला वाटते. आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला हे पाणी लागू नाही, हेही इथेच सांगायला हवे: बाष्पयंत्र, म्हणजे ध्वनिलहरींनी हवेत तुषार सोडणारे ह्युमिडिफायर, क्षाराची बारीक धूळ खोलीभर पसरवते, त्यात निव्वळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

ऑगस्टमध्ये मला वाफेच्या बॉयलरमध्ये खरोखर किती क्षार साठतो हे पाहावेसे वाटले. गरम पाण्याच्या नळातून थोडे पाणी काढून झाकून थंड होऊ दिले आणि त्याची तीच चाचणी केली. जीएच पहिल्याच थेंबाला हिरवी झाली, म्हणजे जडपणा नाही. केएचला मात्र पाच मिलिलिटरमध्ये नऊ थेंब लागले, म्हणजे अल्कता 150 च्या आसपास, टाकीतल्या पाण्याच्या तिप्पट. हा आकडा हिशेबाने जुळतो. आमच्याकडे आठवड्याला सुमारे 600 मिलिलिटर पाणी वाफ होऊन जाते आणि तेव्हा मी आठवड्याला 300 मिलिलिटर गरम पाणी नळातून काढून टाकत होते. क्षार बाहेर जातो तो केवळ या 300 मिलिलिटरमधून, परंतु आत येतो तो 900 मिलिलिटरमधून. म्हणून आतले पाणी हळूहळू टाकीतल्या पाण्याच्या तिप्पट तीव्रतेला जाऊन तिथे स्थिरावते. काहीच काढून टाकले नाही तर ते कुठेच स्थिरावणार नाही, वाढतच जाईल. फार तीव्र झालेले पाणी उकळताना फेसाळते आणि वाफेबरोबर थेंब बाहेर येऊ लागतात. दूध फेटताना वाफ ओलसर वाटू लागली तर हे कारण आधी तपासावे.

जानेवारी 2025 मधल्या वार्षिक तपासणीला वहीच्या पानांच्या प्रती आणि शिक्क्याची प्रत, दोन्ही द्यावी लागली. तंत्रज्ञाने नोंदीतल्या दोन तारखांच्या आकड्यांवर खूण करून स्वतःच्या मीटरने टाकीतले पाणी मोजले आणि मगच बॉयलरची कांडी बाहेर काढली. तिच्यावर पांढरा थर नव्हता. जोडांवर हिरवे डाग आहेत का, तेही त्याने आरसा धरून पाहिले आणि फॉर्मवर ‘नाही’ असे लिहिले. “मॅडम, डिस्केलिंगचा रकाना रिकामा सोडतो,” असे म्हणून त्याने सही केली. बॉयलरमधून आठवड्याला किती पाणी काढता, एवढे मात्र त्याने विचारले आणि माझे उत्तर ऐकून ते दुप्पट करायला सांगितले.

तेव्हापासून आठवड्याला 600 मिलिलिटर काढते. एकदम काढत नाही. दीडशे-दीडशे मिलिलिटर करून, मध्ये पंपाला बॉयलर पुन्हा भरू देऊन. नळाखाली खोल धातूचे भांडे ठेवते, कारण पाणी बाहेर येताच त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि हात भाजू शकतो. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा चाचणी केली तेव्हा बॉयलरच्या पाण्याला सहा थेंब लागले, म्हणजे टाकीच्या दुप्पट. आता ही चाचणी दोन महिन्यांतून एकदा करते आणि सहाच्या वर थेंब गेले तर त्या आठवड्यात थोडे अधिक पाणी काढते.